‘पृ. २१२’ सापडत नाही: ई-पुस्तक आणि पीडीएफमधल्या अवतरणाची जागा कशी द्यावी

प्रबंधांचे आणि नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ तपासणं हे माझं रोजचं काम. त्यात एक तक्रार दरवर्षी येतेच. प्रबंध बहिःस्थ परीक्षकांकडे जातो आणि शेरा येतो, ‘पृ. २१२ वर हे अवतरण आढळले नाही.’ विद्यार्थी गोंधळतो, कारण त्याने पान बघूनच आकडा लिहिलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीचा असाच फोन आला. एका आत्मचरित्रातली एकेचाळीस अवतरणं तिच्या प्रबंधात होती, सगळी ई-पुस्तकातून घेतलेली. परीक्षकांनी ग्रंथालयातली छापील प्रत काढून पाच ठिकाणं ताडून बघितली आणि पाचही चुकली. ‘ताई, मी प्रत्येक पान डोळ्यांनी बघून लिहिलंय हो, एकही आकडा अंदाजाने नाही,’ ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. मी तिला टॅब आणि फोन दोन्ही घेऊन बोलावलं. टॅबवर ती ओळ ‘३८८ पैकी २१२’ या पानावर होती. तेच पुस्तक, तीच ओळ, फोनवर मात्र ‘१०९० पैकी ५९६’. छापील प्रतीत ती १३१ व्या पानावर निघाली. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, पण परीक्षकांच्या हातात जे पुस्तक होतं त्यात त्यांपैकी एकच आकडा लागू पडत होता आणि तो तिने दिलेला नव्हता.

आधी आकडा कुठून आला ते ओळखा

वाचनाच्या अ‍ॅपमध्ये खाली कोपऱ्यात दिसणाऱ्या आकड्याला आपण पान म्हणतो, पण तो तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक असू शकतो.

पहिली शक्यता, तो पडद्यांचा हिशेब आहे. अ‍ॅपने या अक्षराच्या आकारात, या पडद्यावर मजकूर मांडला आणि किती पडदे होतात ते मोजलं. हे ओळखणं सोपं आहे. अक्षर दोन पायऱ्या मोठं करा किंवा टॅब आडवा धरा. आकडा बदलला तर तो संदर्भासाठी काहीच कामाचा नाही, तळटीपेत तो येता कामा नये. वरच्या विद्यार्थिनीचं हेच झालं होतं.

दुसरी शक्यता फसवी आहे. काही अ‍ॅप मजकुराच्या लांबीवरून पानं पाडतात, म्हणजे फाइलमधला अमुक इतका मजकूर झाला की एक पान. किंडलवरचा ‘लोकेशन’चा आकडाही याच जातीचा. अक्षर मोठं केलं तरी हा आकडा हलत नाही, म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. ‘आकार बदलून बघितलं, पान तेच राहिलं, म्हणजे छापील पान असणार,’ हा निष्कर्ष मी अनेक प्रबंधांत तपासला आणि तो चुकीचा निघाला. असा आकडा त्या फाइलपुरता आणि त्या अ‍ॅपपुरताच खरा असतो. प्रकाशकाने फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवली, प्रस्तावनेत चार ओळी वाढवल्या, की पुढचे आकडे सरकतात. शिवाय मोजणी बाइटमध्ये असेल तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि साधं रोमन अक्षर एकच. त्यामुळे रोमन मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं ‘पान’ मराठीत छापील पानाच्या आसपास जाईल अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसरी शक्यता म्हणजे खरंच छापील पानाचा आकडा. प्रकाशकाने फाइल बनवताना छापील आवृत्तीतलं कोणतं पान कुठे सुरू होतं त्याच्या खुणा आत पेरलेल्या असतात. हा आकडा निःशंक द्यावा. तो ओळखायची माझी रीत अशी. अक्षर मोठं ठेवून पाच-सहा पडदे उलटा. छापील पान मोठं असल्यामुळे एकच आकडा दोन-तीन पडदे टिकून राहतो आणि मग पुढे सरकतो. एवढ्यावर थांबू नका, कारण दुसऱ्या प्रकारातही हे घडू शकतं. नवं प्रकरण सुरू होतं तिथे बघा. छापील पुस्तकात प्रकरण बहुतेक वेळा उजव्या पानावर सुरू करतात आणि आधीचं डावं पान कोरं सुटतं. त्यामुळे आकडा कधी कधी ४५ वरून थेट ४७ वर उडी मारतो. यंत्राने पाडलेली पानं सहसा अशी उडी मारत नाहीत. प्रस्तावनेच्या पानांना वेगळे आकडे असणं हीसुद्धा चांगली खूण.

किंडलच्या पुस्तकात अशी पानं असतील तर विक्रीच्या पानावरच्या तपशिलात `Page numbers source ISBN` अशी ओळ बहुधा असते. त्या क्रमांकाची छापील आवृत्ती कोणती ते बघून संदर्भात तीच आवृत्ती नोंदवायची. ई-पबची कुलूप नसलेली फाइल तुमच्याकडे असेल तर आत डोकावून बघता येतं. ई-पब म्हणजे मुळात झिप फाइलच. लिनक्स किंवा मॅकवर ही एक ओळ पुरते:

```
unzip -p pustak.epub | grep -acE 'type="pagebreak"|doc-pagebreak|pageTarget|page-list'
```

उत्तर शून्य आलं तर फाइलमध्ये छापील पानांच्या खुणा नाहीत आणि अ‍ॅप दाखवतंय तो आकडा त्याने स्वतः पाडलेला आहे. शून्याहून मोठं आलं तर खुणा आहेत. हा आकडा पानांची संख्या समजू नका, ही फक्त जुळलेल्या ओळींची मोजणी आहे. खुणा सापडल्या तरी छापील प्रत मिळत असल्यास पुस्तकाच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची एकेक जागा ताडून घ्या. मी शेवटची जागा कधी सोडत नाही, कारण सुरुवातीला नीट जुळणाऱ्या खुणा शेवटापर्यंत एकदोन पानांनी घसरलेल्या मला सापडल्या आहेत.

छापील पान नसेल तर काय द्यायचं

पान या कल्पनेला थोडा वेळ बाजूला ठेवलं की उत्तर आपल्याच परंपरेत आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी सांगताना कोणी पान सांगत नाही. पसायदान अठराव्या अध्यायात १७९४ व्या ओवीपासून सुरू होतं असं सांगितलं की प्रचलित प्रतींपैकी कोणतीही घ्या, पाच मिनिटांत तिथे पोचता. जागा ग्रंथाच्या रचनेतून सांगितली आहे, कागदावरून नाही. अर्थात आवृत्तीचं नाव इथेही सुटत नाही. राजवाडे प्रतीतला ओव्यांचा क्रमांक वेगळा येऊ शकतो. तुकोबांच्या गाथ्यात तर अभंगांचे क्रमांक प्रतीगणिक इतके बदलतात की नुसता ‘अभंग २३४’ हा संदर्भच होत नाही. गाथा कोणती ते लिहा आणि अभंगाचा पहिला चरण द्या.

गद्याला ओव्या नसतात, पण प्रकरणं असतात, उपशीर्षकं असतात, परिच्छेद असतात. मोठ्यातून लहानाकडे जा: प्रकरण, मग त्यातलं उपशीर्षक, मग त्या उपशीर्षकाखालचा कितवा परिच्छेद. जिथे जागा पुरेशी नेमकी होते तिथे थांबा. महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) घ्या. ‘विद्येविना मति गेली’ ही ओळ पुस्तकाच्या अगदी आरंभी आहे. तिच्यासाठी एवढंच लिहा:

फुले, ‘शेतकऱ्याचा असूड’, उपोद्घात, आरंभीच्या ओळी.

यात एकही आकडा नाही आणि तरी समग्र वाङ्मयाची कोणतीही आवृत्ती, सुटी पुस्तिका किंवा फोनवरचं ई-पुस्तक हातात असलेला माणूस ती ओळ काढेल. याच पुस्तकातल्या प्रकरणांची शीर्षकं मात्र वाक्याएवढी लांब आहेत. तिथे शीर्षक उतरवत बसू नका, प्रकरणाचा क्रमांक द्या.

परिच्छेद मोजावेत का, यावर दोन मोठ्या संदर्भपद्धती एकमेकींच्या विरुद्ध सांगतात आणि गोंधळ बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. एमएलएची नववी आवृत्ती (२०२१) म्हणते, मूळ मजकुरात परिच्छेदांना क्रमांक छापलेले असतील तरच ते द्या, स्वतः मोजून देऊ नका, प्रकरणावर थांबा. एपीएची सातवी आवृत्ती (२०२०) म्हणते, उपशीर्षक द्या किंवा परिच्छेद स्वतः मोजून क्रमांक द्या किंवा दोन्ही द्या. किंडलचं लोकेशन देऊ नका, हे मात्र दोघी सांगतात. तुमच्या विभागाने यांपैकी एक पद्धत ठरवून दिली असेल तर वाद नाही, तीच पाळा. मराठीच्या बहुतेक विभागांत तळटिपांची स्वतःची घरगुती पद्धत चालते. तिथे मी एपीएच्या बाजूने आहे. पन्नास पानी प्रकरणातलं एक वाक्य ‘प्रकरण ४’ एवढ्यावर शोधायला लावणं म्हणजे परीक्षकाचा अर्धा दिवस खाणं.

मोजताना अडचणी येतात त्या अशा. ई-पुस्तक बनवताना छापील परिच्छेद तुटतात. ओळ जिथे संपली तिथे परिच्छेद संपला असं समजून फाइल बनवलेली असते, किंवा दोन परिच्छेदांमधली जागा खाऊन टाकलेली असते. म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीपासून त्रेसष्टावा परिच्छेद मोजण्यात अर्थ नाही. वाटेत एक जरी तुटलेला असेल तर पुढचे सगळे चुकतात, आणि माणूसही मोजताना चुकतो. जवळच्या उपशीर्षकापासून मोजा आणि आकडा साधारण दहाच्या आत ठेवा. उपशीर्षकच नसेल आणि जागा प्रकरणाच्या शेवटाजवळ असेल तर ‘शेवटून तिसरा परिच्छेद’ लिहायला काहीच हरकत नाही. मी शीर्षक मोजत नाही. परिच्छेदाच्या पोटातलं काव्य किंवा उतारा वेगळा मोजत नाही. संवादाची प्रत्येक ओळ मात्र वेगळा परिच्छेद धरते, कारण पडद्यावर ती तशीच दिसते. तुम्ही वेगळं ठरवा, पण जे ठरवाल ते प्रबंधाच्या सुरुवातीला ‘संदर्भ देण्याची पद्धत’ या टिपेत दोन वाक्यांत लिहून टाका.

आणि आकड्याशेजारी त्या परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द द्या. मला विचाराल तर सगळ्यांत भरवशाची खूण हीच. आकडा एकाने चुकला तरी शब्द माणसाला जागेवर नेतात. त्या विद्यार्थिनीच्या २१२ व्या पानाची तळटीप शेवटी अशी झाली (पुस्तकाचं नाव इथे गाळलं आहे): ‘ई-पुस्तक, प्रकरण ७, ‘मुंबईला’ या उपशीर्षकाखाली परिच्छेद ४, आरंभ: ‘चाळीच्या मागे…’.’ पूर्वीच्या तळटिपेपेक्षा ही लांब आहे, ते मान्य. पण एकदा पूर्ण नोंद दिली की पुढे त्याच प्रकरणातल्या अवतरणांना ‘प्र. ७, ‘मुंबईला’, परि. ६’ एवढं पुरतं.

शब्द दिले तरी शोध लागत नाही तेव्हा

ही खास आपल्या लिपीची अडचण आहे आणि बाहेरच्या कोणत्याही संदर्भपुस्तिकेत ती सापडणार नाही. तुम्ही परिच्छेदाचे पहिले शब्द दिले, परीक्षकांनी ते शोधाच्या चौकटीत टाकले आणि उत्तर आलं, काही सापडलं नाही. शब्द तर समोर पानावर दिसतोय.

वर दिलेल्या पुस्तकाचं नावच बघा. ‘शेतकऱ्याचा’ मधलं ‘ऱ्या’ टंकायच्या दोन रीती प्रचारात आहेत:

```
ऱ + ् + य         U+0931 U+094D U+092F
र + ् + ZWJ + य   U+0930 U+094D U+200D U+092F
```

ZWJ हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणारं अ‍ॅप मात्र दिसणं बघत नाही, ते आतले क्रमांक जुळवतं. फाइल बनवणाऱ्याने एक रीत वापरली आणि तुमच्या फोनचा कीबोर्ड दुसरी वापरतो, तर ‘शेतकऱ्याचा’ सापडेलच याची खात्री नाही. म्हणून खुणेसाठी शब्द निवडताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द टाळा. परिच्छेद अशाच शब्दाने सुरू होत असेल तर त्याच्या पुढचे दोन शब्द घ्या.

दुसरं कारण शुद्धलेखनाचं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘त्यांत’, ‘आतां’, ‘केलें’ असे अनुस्वार भरपूर असतात. ई-पुस्तक काढणारा कधी ते ठेवतो, कधी काढून टाकतो, कधी अर्धे ठेवतो. फुल्यांच्या त्याच ओळीत एका प्रतीत ‘मति’ दिसेल, दुसरीत ‘मती’. अवतरण तुमच्या प्रतीत जसं आहे तसंच उतरवा, त्यात तडजोड नाही. पण जागेची खूण म्हणून जे शब्द द्याल ते ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वाराचा प्रश्न नसलेले निवडा. त्या ओळीतला ‘गेली’ कुठेही तोच राहील. तो एकटा शोधला तर शंभर ठिकाणी सापडेल हे खरं, म्हणून त्याला शेजारचा एखादा साधा शब्द जोडा.

पीडीएफ: आकडा स्थिर, पण कोणता?

पीडीएफचं दुखणं वेगळं आहे. पीडीएफची पानं अक्षराच्या आकाराने बदलत नाहीत. फाइल तीच असेल तर ३१ वं पान सगळ्यांकडे ३१ वंच. अडचण ही की पानाला दोन आकडे असतात: वरच्या पट्टीत दिसणारा फाइलमधला क्रमांक आणि पानावर छापलेला क्रमांक. संस्थांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळणाऱ्या मराठी ग्रंथांच्या पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, श्रेयपान, निवेदन, अनुक्रमणिका आधी असतात आणि त्यांना बहुधा ‘पाच’, ‘सहा’, ‘सात’ असे अक्षरी आकडे असतात. पृष्ठ १ त्यानंतर सुरू होतं. म्हणून फाइलचं पान ३१ म्हणजे छापील १७.

पानावर आकडा छापलेला असेल तर तोच द्या. प्रस्तावनेतलं अवतरण असेल तर ‘पृ. सात’ असंच लिहा, त्याचं ७ करू नका, नाहीतर ते मुख्य मजकुराचं सातवं पान होईल. आणि वजाबाकी करू नका. ‘फरक चौदाचा आहे’ हे एका ठिकाणी बघून विद्यार्थी बाकीचे सगळे आकडे चौदाने कमी करून टाकतात. मध्ये आकडा नसलेली छायाचित्रांची पानं आली की फरक बदलतो. स्कॅन करताना एखादं पान दोनदा आलं किंवा सुटलं तरी बदलतो. दोन समोरासमोरची पानं एकत्र स्कॅन केली असतील तर फरक पानागणिक बदलत जातो, कारण फाइलच्या एका पानात छापील दोन पानं आहेत. प्रत्येक अवतरणासाठी त्या पानाच्या कोपऱ्यात बघून आकडा लिहायचा, दुसरा उपाय नाही.

वाचकाची सोय म्हणून दुवा देत असाल तर त्याच्या शेवटी `#page=31` जोडला की ब्राउझर बहुधा थेट त्या पानावर उघडतो. तिथे मात्र फाइलमधला क्रमांक लागतो, छापील नाही. तळटिपेत १७ आणि दुव्यात ३१, हे विसंगत दिसतं पण बरोबर असतं.

पानावर आकडाच छापलेला नसेल तर आधी बघा, ही पीडीएफ कोणी बनवली. वरच्या किंवा खालच्या कडेला संकेतस्थळाचा पत्ता, तारीख आणि `3/17` असं काही दिसलं तर कोणीतरी वेबपान ब्राउझरमधून ‘प्रिंट’ करून पीडीएफ केली आहे. ती कडेची ओळ बंद केलेली असेल तर फाइलच्या गुणधर्मांत `Producer` समोर बघा. तिथे `Skia/PDF` असेल तर क्रोम किंवा त्याच घराण्यातला ब्राउझर असण्याची शक्यता खूप. अशा पीडीएफची पानं कागदाचा आकार आणि समास यांवर ठरतात. तुमच्या ए-फोरवर तिसऱ्या पानावर असलेली ओळ दुसऱ्याकडे चौथ्यावर जाईल. इथे पीडीएफ विसरा आणि मूळ वेबपानाचा संदर्भ द्या, उपशीर्षक आणि परिच्छेदासह.

संस्थेने स्वतःच आकड्यांशिवाय चढवलेला अहवाल किंवा परिपत्रक असेल तर फाइलमधला क्रमांक द्या, पण तो तसा आहे हे लिहा: ‘पीडीएफ पान ३१ (एकूण ८४)’. एकूण आकडा देण्याला कारण आहे. संस्था त्याच पत्त्यावर जुनी फाइल काढून नवी ठेवतात आणि कोणाला कळवत नाहीत. उद्या उघडलेल्या फाइलमध्ये ८६ पानं दिसली की वाचकाला तिथल्या तिथे कळतं, ही वेगळी प्रत आहे. म्हणून उतरवून घेतल्याची तारीख द्या, स्वतःजवळ प्रत ठेवा, आणि शक्य असेल तर वेबॅक मशीनवर तो पत्ता जतन करून तिथला दुवाही द्या.

पीडीएफमध्ये ‘पहिले शब्द’ ही खूण कधी कधी साफ निरुपयोगी ठरते. युनिकोड रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेल्या मराठी पीडीएफ अजून ढिगाने आहेत. पानावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा उतरतो. अशा फाइलमध्ये देवनागरीत शोधलेला शब्द मिळत नाही. नुसत्या स्कॅन चित्रांच्या फाइलमध्येही नाही. प्रयोग एकदाच करायचा: कोणतीही एक ओळ चिकटवून बघायची. कालवा आला तर परीक्षकालाही शोध चालणार नाही हे धरून पान आणि पानावरची जागा (‘वरून दुसरा परिच्छेद’) द्यायची. ओळ नीट देवनागरीत उतरली तरी पीडीएफमधून चिकटवलेलं मराठी जसंच्या तसं प्रबंधात ठेवू नका. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकलेली असते, जोडाक्षरं तुटलेली असतात. अवतरण पानाकडे बघून हाताने टंकलेलं बरं.

जुन्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या

एकेचाळीस तळटिपांमध्ये टॅबचे आकडे असताना काय करायचं? आम्ही हे केलं. टॅबवर अक्षराचा आकार नोंदी घेतल्या तेव्हाचाच होता, त्यामुळे आकडे अजून तिथल्या तिथे चालत होते. तो बदलायच्या आत एकेका पानावर जाऊन प्रकरण, उपशीर्षक, परिच्छेद आणि पहिले शब्द वहीत उतरवले. तीन तास लागले. हे आधी करा, अ‍ॅप अद्ययावत करणं किंवा टॅब बदलणं नंतर.

आकार आठवत नसेल तर एकूण पानांचा आधार घ्या. ‘३८८ पैकी २१२’ असं लिहून ठेवलं असेल तर ओळ पुस्तकाच्या निम्म्याच्या थोडी पुढे, चोपन्न-पंचावन्न टक्क्यांवर आहे. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर तेवढ्या टक्क्यांवर जा आणि मागे-पुढे चाळा. नुसतं २१२ लिहिलं असेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून स्वतःच्या टिपणात लोकेशन किंवा पडद्याचं पान लिहायला माझी ना नाही, पण एकूण आकड्यासकट लिहा आणि ते टिपणातच ठेवा, तळटिपेत नेऊ नका.

काही जण वेगळी वाट घेतात, ई-पुस्तकातून वाचतात आणि ग्रंथालयातल्या प्रतीवरून पान टाकतात. ते चालेल, पण मग संदर्भसूचीत छापील आवृत्ती नोंदवा आणि अवतरणाचा शब्द न् शब्द त्या प्रतीशी ताडून घ्या. पुस्तक जुनं आणि स्वामित्वहक्कातून मुक्त असेल तर मराठी विकिस्रोत बघा. तिथे बऱ्याच पुस्तकांचं ‘पान:’ या नावाने सुरू होणारं प्रत्येक पान स्कॅनच्या शेजारी टंकलेलं असतं, त्यामुळे मजकूर शोधता येतो आणि छापील आकडा चित्रात डोळ्यांनी दिसतो. तिथेही पत्त्यातला क्रमांक स्कॅन फाइलचा असतो, म्हणून चित्राच्या कोपऱ्यातलाच आकडा घ्यायचा.

त्या एकेचाळीसांपैकी एकोणचाळीस त्या दुपारी लागली. एक सापडलं ते दुसऱ्याच पुस्तकात, नोंद करताना उघड्या राहिलेल्या. उरलेलं एक दोन्ही पुस्तकं चाळूनही मिळालं नाही. ते तिने काढून टाकलं आणि त्यावर उभा असलेला अर्धा परिच्छेद पुन्हा लिहिला.